दिवाणजींची कीर्द

इचलकरंजीत सुताच्या पेढीवर हिशेब लिहिणाऱ्याला दिवाणजी म्हणतात. आमच्या गल्लीतले दिवाणजी अशाच एका पेढीवरून निवृत्त झाले होते. पेढीवर संगणक आला, तरी घरी ते लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या वापरत. काकूंचे ब्लाऊज माझ्याकडे शिवायला येत, तेवढाच आमचा संबंध. एप्रिल 2022 मध्ये मी शिवणकामाचं यूट्यूब चॅनेल सुरू केलं. पुढची दोन वर्षं त्या चॅनेलचा पैसा कुठून आला, कुठे गेला आणि ते कधी स्वतःच्या पायावर उभं राहिलं, हे मला आज कुणीही रात्री उठवून विचारलं तरी सांगता येतं. हे त्यांचं देणं आहे.

चॅनेल काढलं हे कळल्यावर त्यांनी सबस्क्रायबर किती, असं विचारलं नाही. "सामानाला किती गेले आणि कुठल्या खात्यातून गेले?" एवढंच विचारलं. सगळं घरखर्चाच्या खात्यातूनच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बँकेत वेगळं बचत खातं उघडायला लावलं आणि एक कीर्द दिली. कीर्द म्हणजे रोजची वही. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. ज्या दिवशी व्यवहार झाला त्याच दिवशी तो लिहायचा. महिन्याच्या शेवटी त्यातून खतावणी करायची, म्हणजे प्रत्येक विषयाचं वेगळं पान.

पहिलं पान सामानाचं. मोबाइल 18,000, वरून खाली शूटिंग करायचा स्टँड 2,400, दोन दिवे 3,400 आणि कॉलर माइक 1,400 असे एकूण 25,200 रुपये. हा खर्च त्यांनी महिन्याच्या खर्चात मिसळू दिला नाही. "हे भांडवल आहे पोरी. मोबाइल तीन वर्षं चालेल. मग 25,200 ला 36 ने भाग." दर महिन्याला 700 रुपये घसारा निघाला. तो कागदावर ठेवून ते थांबले नाहीत. पतसंस्थेत 700 रुपयांची आवर्त ठेव काढायला लावली, म्हणजे मोबाइल थकेल तेव्हा नवा घ्यायला घरात हात घालावा लागू नये.

दुसरं पान चालू खर्चाचं. यात दोन जाती होत्या आणि त्या वेगळ्या ठेवायच्या, हे त्यांचं पालुपद. इंटरनेटचा वाटा, एडिटिंगचं ॲप आणि वीज मिळून महिन्याला 900 रुपये. एकही व्हिडिओ केला नाही तरी ते जाणारच. अस्तर, कापड, दोरा आणि थंबनेल करून देणाऱ्या मुलाचे शंभर धरून एका व्हिडिओला 450. हे मात्र व्हिडिओ केला तरच जातात. मी तेव्हा महिन्याला साधारण सहा व्हिडिओ करत होते. 900 आणि 2,700 मिळून 3,600 रुपये खिशातून जात. घसारा धरला की 4,300.

तिसऱ्या पानावर त्यांनी माझं नाव लिहिलं आणि वर लिहिलं, मजुरी. इथे आमच्या घरात जरा वाद झाला. आमचे हे मागाच्या कारखान्यात जॉबर आहेत. त्यांचं म्हणणं असं की घरच्या घरी केलेल्या कामाची कसली मजुरी लावायची, पैसे तर कुणी देत नाही. दिवाणजी त्यांना म्हणाले, "तुमच्या कारखान्यात कापडाचा भाव काढताना विणकराची मजुरी आधी धरतात की नफ्यातून उरली तर देतात?" हे गप्प झाले. इचलकरंजीत हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

मजुरी किती धरायची, याचंही त्यांच्याकडे साधं माप होतं. चॅनेल नसतं तर त्या वेळात मी काय केलं असतं? अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई मी 250 घेते, दोरा-हूक-वीज वजा जाता 200 हातात राहतात. शूटिंग, आवाज आणि एडिटिंगला लागणाऱ्या वेळात माझे चार ब्लाऊज होतात. म्हणून एका व्हिडिओची मजुरी 800. सहा व्हिडिओंचे 4,800. आता महिन्याचा पुरा खर्च 9,100 झाला.

तर 3,600, 4,300 आणि 9,100 असे तीन आकडे झाले. चॅनेल 'फिटलं' असं लोक म्हणतात तेव्हा त्यातल्या कुठल्या आकड्याशी फिटलं, हे कुणी सांगत नाही. पहिल्या आकड्याला पोचलात तर खिशातून घालणं थांबतं. दुसऱ्याला पोचलात तर सामान स्वतःचं स्वतः फिटतं. तिसऱ्याला पोचलात तर तुमच्या हाताचं मोल निघतं, आणि मगच पुढे नफा सुरू होतो. दिवाणजी तिन्ही आकडे प्रत्येक महिन्याच्या पानाच्या माथ्यावर लाल शाईने लिहायला लावत.

पहिल्या वर्षी जमेच्या बाजूला जवळपास काही नव्हतंच. जाहिरातीचा वाटा मिळायला तेव्हा 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत 4,000 तास पाहिलं जाणं, या दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागत. सबस्क्रायबर लवकर झाले, तासांना वेळ लागला. त्या महिन्यांत व्हिडिओत शिवलेले ब्लाऊज विकून जे 4,800 रुपये आले तेवढीच जमा. जानेवारी 2023 मध्ये जाहिराती लागल्या आणि मोबाइलवर रोज डॉलर दिसायला लागले.

इथून दिवाणजींचा खरा कस लागला, कारण हा धंदा त्यांना नवा होता. पण उधारी त्यांना चांगली ठाऊक होती. ते रोज दिसणारे डॉलर म्हणजे अंदाज. महिना संपल्यावर यूट्यूब त्यातून चुकीचे क्लिक वगैरे वजा करून पक्का आकडा काढतं. खात्यात 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. जमले तर पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान निघतात. मग बँक डॉलरचे रुपये करते, आपला आकार कापते आणि उरलेले पासबुकात येतात. मार्च 2023 संपला तेव्हा पडद्यावर 61 डॉलर दिसत होते. मला ते जमेला धरायचे होते. दिवाणजींनी कीर्दीच्या शेवटी एक पान आखलं, 'येणे'. तिथे 61 डॉलर पेन्सिलीने लिहिले. "पासबुकात आलं की शाईने लिही. तोवर ते आपलं नाही, आपण त्याची वाट पाहतोय."

दहा डॉलर झाल्यावर पत्ता पक्का करण्यासाठी टपालाने एक पिनचं पत्र येतं. ते पोस्टमनने आणून दिलं तेव्हा दिवाणजींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि कीर्दीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून ठेवलं. अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरतानाही ते शेजारी बसले होते. तो भरला नाही तर सगळ्याच कमाईवर कर कापला जाऊ शकतो. भरला आणि पॅन दिला, तर भारत-अमेरिका करारामुळे फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर 15 टक्के कापतात. माझ्याकडे तिथून पाहणाऱ्या मराठी बायका थोड्याच आहेत, त्यामुळे रक्कम किरकोळ. तरी कीर्दीत त्याचं पान आहेच.

31 मार्च 2023 ला पहिल्या वर्षाचा ताळा काढला. सामान 25,200, चालू खर्च सुमारे 40,000, जमा 4,800. म्हणजे 60,400 रुपये घरातून गेलेले, आणि माझ्या मजुरीचे 52,000 चॅनेलकडे थकलेले. मला वाटलं होतं ते आता म्हणतील, बंद कर. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. ते म्हणाले, "तूट किती हे कळलं. आता दर काढू."

हजार व्ह्यूजमागे हातात किती पडतात, तो दर. यूट्यूबवर त्याला आरपीएम म्हणतात आणि तो यूट्यूबचा वाटा जाऊन उरलेला असतो. मोठ्या व्हिडिओवर जाहिरातीतले 55 टक्के आपले. माझा दर सरासरी 22 रुपये पडत होता. दिवाणजींना हा हिशेब लगेच आपला वाटला. आमच्या गावात खर्चीवाले यंत्रमागधारक व्यापाऱ्याचं सूत घेऊन पिकावर मजुरीने कापड विणून देतात. "दर तुझ्या हातात नाही, पीक किती मारायचं तेवढंच आहे," असं ते म्हणाले. मग त्यांनी भागाकार केला. 3,600 निघायला महिन्याला 1 लाख 64 हजार व्ह्यूज हवेत. पुरे 9,100 निघायला 4 लाख 14 हजार. माझे तेव्हा लाखाच्या आत-बाहेर होत होते.

यात एक फसगत होऊ शकते, ती त्यांनी पहिल्याच महिन्यात पकडली. एका शॉर्टला अचानक लाखावर व्ह्यूज आले आणि एकूण आकडा फुगला. पण शॉर्टला हजारामागे मला दोन रुपयेसुद्धा पडत नव्हते. दोन्ही एकत्र करून दर काढला असता तर तो इतका पडला असता की मोठ्या व्हिडिओंवरचाही विश्वास उडाला असता. आणि व्ह्यूजच्या आकड्यावरून कमाईचा अंदाज बांधला असता तर उलटी चूक झाली असती. तेव्हापासून आमच्या वहीत शॉर्टचे व्ह्यूज वेगळ्या रकान्यात.

पण सगळ्यात मोलाचं काम त्यांनी त्यानंतर केलं. खतावणीत त्यांनी प्रत्येक व्हिडिओला स्वतःचं पान दिलं, जसं पेढीवर प्रत्येक गिऱ्हाइकाचं असतं. एका व्हिडिओचे 450 रोख आणि 800 मजुरी, असे 1,250 रुपये तो व्हिडिओ आपल्याला देणं लागतो. 22 च्या दराने ते फिटायला सुमारे 57 हजार व्ह्यूज लागतात, मग त्याला महिना लागो की दोन वर्षं. दर महिन्याला मी प्रत्येक पानावर त्या व्हिडिओची कमाई चढवायची आणि बाकी काढायची.

पानं भरत गेली आणि चित्र स्पष्ट दिसायला लागलं. नवरात्रीच्या रंगांचे, गळ्याच्या नव्या फॅशनचे व्हिडिओ नऊ दिवस धावत आणि मग मरत. त्यांच्या पानांवर बाकी तशीच उभी राही. उलट कटोरी ब्लाऊजचं कटिंग, बाहीचा घोळ कसा काढायचा, जाड अंगाच्या बाईचं माप कसं घ्यायचं, हे व्हिडिओ पहिल्या आठवड्यात कुणी पाहत नसे. पण शिवण शिकणारी प्रत्येक बाई कधी ना कधी तिथे येतेच. कटोरीच्या पानावरची बाकी फिटून ते पान जमेला गेलं, तरी दर महिन्याला त्यात भर पडत राहिली. बाहीच्या घोळाचं पान त्याच्या मागोमाग. यूट्यूबच्या पडद्यावर कमाई दिसते, पण त्या व्हिडिओला काय लागलं ते तिथे नसतं. त्यामुळे जास्त चाललेला आणि स्वतःचे पैसे फेडलेला व्हिडिओ यातला फरक वहीशिवाय मला कळलाच नसता.

मग मी महिन्याला सहाऐवजी चार व्हिडिओ करायला लागले आणि फक्त मुळातल्या गोष्टींचे. व्ह्यूज कमी झाले नाहीत, कारण जुने व्हिडिओच बहुतेक व्ह्यूज आणत होते. खर्च मात्र उतरला. रोख खर्च 2,700, घसाऱ्यासह 3,400, मजुरी धरून 6,600. कमाई एक रुपया न वाढता उंबरठा अडीच हजारांनी खाली आला. कमाई वाढवायचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. हा दुसरा रस्ता मला दिवाणजींनी दाखवला, आणि तो मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण खर्च आपल्या हातात असतो.

दुसऱ्या वर्षी जाहिरातीचे महिन्याला सरासरी 3,800 पडू लागले. पण दर महिन्याला 100 डॉलर होत नसल्यामुळे पैसे दोन-अडीच महिन्यांनी एकदा येत. वर्षात 46,000 आले, तेही पाच हप्त्यांत. खर्च मात्र दर आठवड्याचा. म्हणून तीन महिन्यांचा रोख खर्च, आठ हजारांच्या आसपास, चॅनेलच्या खात्यात कायम पडून राहिला पाहिजे, असा त्यांनी दंडक घातला. त्याला हात लावायची वेळ आली तर ती धोक्याची घंटा.

6,600 मधून 3,800 गेले की 2,800 चा खड्डा उरतो. तो भरला कागदाच्या पॅटर्नने. बायका विचारत होत्याच, ताई, तुम्ही कापता तो कागद आम्हाला मिळेल का? खाकी कागदावर पाठ, पुढचा भाग, कटोरी, पट्टी आणि बाही कापून, त्यावर शिवणीच्या खुणा करून, एका मापाचा संच मी 180 रुपयांना द्यायला लागले. कागद 30, पाकीट 10, टपाल सरासरी 45. हातात 95 राहतात. दिवाणजींनी त्यातूनही माझ्या कापण्याचे 20 काढून मजुरीच्या पानावर टाकले. राहिले 75. म्हणजे 2,800 चा खड्डा भरायला महिन्याला 38 संच. लाख-चार लाख व्ह्यूजचा प्रश्न 38 पाकिटांवर आला. हा आकडा मला पेलण्यासारखा वाटला, कारण पाकिटं मोजता येतात.

दिवाळीच्या आधी दोन महिने संच 60 च्या वर गेले. जाहिरातीचा दरही दिवाळीत चढतो, कारण जाहिरातदार तेव्हा हात सैल सोडतात. त्या महिन्यात तिसरा लाल आकडा पहिल्यांदा ओलांडला. मी पेढे घेऊन गेले. दिवाणजींनी पेढा घेतला आणि वहीत काहीच लिहिलं नाही. "जानेवारी येऊ दे." जानेवारीत जाहिरातीचा दर पडतो, लग्नाची शिलाई असते म्हणून पॅटर्नकडेही माझं लक्ष कमी. तो महिना खाली गेला. त्यांचा नियम असा की ओळीने तीन महिन्यांची सरासरी वर राहिली तरच उंबरठा ओलांडला असं धरायचं. सणाचा एक महिना पुरावा नाही.

एका शिलाई मशीनवाल्यांनी त्याच सुमारास 24,000 ची मशीन पाठवून व्हिडिओ मागितला. 2022 च्या जुलैपासून धंद्याच्या ओघात वर्षाला 20,000 च्या वरची वस्तू मिळाली तर देणाऱ्याला 10 टक्के कर भरावा लागतो, आणि ती आपल्या उत्पन्नात धरली जाते. व्हिडिओ करून वस्तू परत केली तर तो फायदा धरत नाहीत. दिवाणजींनी विचारलं, तुला हिची गरज आहे का? नव्हती, माझी चांगली चालते. मशीन परत केली आणि व्हिडिओचे रोख 10,000 घेतले. ते त्यांनी 'पाहुणे जमा' या वेगळ्या पानावर लिहिले. पुन्हा येतील याची खात्री नाही असा पैसा महिन्याच्या सरासरीत धरायचा नाही.

31 मार्च 2024 चा ताळा असा. जाहिरात 46,000, पॅटर्नच्या 420 संचांचे 39,900, पाहुणे जमा 10,000. चालू खर्च 32,400 गेला, उरले 63,500. मागच्या वर्षीचे 60,400 त्यातून फिटले आणि 3,100 शिल्लक राहिली. दोन वर्षांनी घरातून गेलेला प्रत्येक रुपया परत आला होता. पण माझ्या मजुरीचे पान 98,800 दाखवत होतं. 3,100 तिकडे वळवले तरी चॅनेल मला 95,700 देणं लागत होतं. आणि पाहुणे जमा बाजूला ठेवली तर घसारा-मजुरी धरून दुसऱ्या वर्षातही 1,700 ची तूट होती. पहिलं वर्ष पाहिल्यावर ही 1,700 ची तूट मला फार जवळची वाटली. आमच्या ह्यांनीही ते पान वाचलं आणि पहिल्यांदा 'तुझी थकलेली मजुरी' असा शब्द वापरला.

या दोन वर्षांत दिवाणजींनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. काकूंच्या ब्लाऊजची शिलाईसुद्धा ते मोजून देत. मी हिशेबनिसाचे पैसे देऊ केले की ते हसून विषय बदलत. मग मी त्यांच्याच नियमाने गेले. चॅनेलला लागलेलं काम कुणी फुकट केलं म्हणून ते फुकट होत नाही. उद्या त्यांना डोळ्यांमुळे जमलं नाही तर दुसऱ्याला द्यावेच लागतील. गावात छोट्या दुकानदाराची वही लिहिणारा महिन्याला 300 तरी घेतोच. खतावणीत मी त्यांच्या नावाचं पान काढलं, दोन वर्षांचे 7,200 देणे लिहिले आणि वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून बेरीज तपासली. "बरोबर आहे. पण मग तुझा उंबरठा चुकलाय, तो नीट कर," म्हणाले. मी 6,600 चे 6,900 केले. माझा महिन्याचा आकडा आता 38 नाही, 42 संचांचा आहे, आणि वरचे चार त्यांचे.